अंदाजाची चूक किती कमी होऊ शकते?

1910 साली मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत अर्नेस्ट रदरफर्ड आणि हान्स गायगर यांनी एक अत्यंत कंटाळवाणे काम तडीस नेले. अंधाऱ्या खोलीत पोलोनियमचा एक पातळ थर, त्याच्यासमोर झिंक सल्फाइडचा पडदा आणि पडद्यावर रोखलेली सूक्ष्मदर्शकाची नळी. पोलोनियममधून सुटलेला अल्फा कण पडद्यावर आदळला की एक बारीकशी चमक दिसे. बसायचे, बघायचे आणि चमक दिसली की नोंद करायची, एवढेच काम. पुढे या नोंदींचे साडेसात-साडेसात सेकंदांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यात किती चमका पडल्या ते मोजले. असे तुकडे भरले 2608, म्हणजे एकूण 5 तास 26 मिनिटांची टक लावून केलेली पाहणी.

त्यांचा तक्ता आजही संख्याशास्त्राच्या वर्गात फळ्यावर येतो. 57 तुकड्यांत एकही चमक नव्हती. 203 तुकड्यांत एक, 383 मध्ये दोन, 525 मध्ये तीन, 532 मध्ये चार, 408 मध्ये पाच, आणि मग उतरण लागते. एका तुकड्यात तर चौदा चमका आल्या. सगळ्यांची बेरीज 10,097.

आता प्रश्न साधा वाटतो. साडेसात सेकंदांत सरासरी किती कण येतात? या खऱ्या सरासरीला λ, म्हणजे लॅम्डा, म्हणू. कोणीही 10,097 ला 2608 ने भागून 3.87 असे उत्तर देईल. पण रीत एवढी एकच नाही. असे कण एकमेकांची पर्वा न करता, सारख्या दराने येत असतील, तर त्यांची मोजणी पॉयसाँ वितरणाप्रमाणे चालते. या वितरणाची एक गंमत अशी, की त्याची सरासरी आणि प्रचरण (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचे वर्गात मोजलेले माप) दोन्ही λ इतकेच असतात. तेव्हा सरासरी काढण्याऐवजी तक्त्यातल्या आकड्यांचे प्रचरण काढले, तरी तोही λ चा अंदाजच झाला. ते येते 3.70. तिसरी रीत आणखी आळशी. पॉयसाँमध्ये शून्य येण्याची शक्यता e⁻λ असते. रिकाम्या तुकड्यांचे प्रमाण 57/2608, त्यावरून उलटा हिशेब केला की λ येतो 3.82.

3.87, 3.70, 3.82. तक्ता एकच, उत्तरे तीन. खरा λ कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे कोणते उत्तर जवळचे हे थेट पडताळता येत नाही. पडताळता येते ते रीतीचे वागणे: हाच प्रयोग हजार वेळा केला असता, तर त्या रीतीची उत्तरे किती इकडेतिकडे झाली असती? ती जितकी कमी हलतील, तितकी रीत भरवशाची. आणि मग याच्याही पुढचा प्रश्न येतो. एखादा हुशार गणिती उद्या चौथी रीत घेऊन आला, तर तो ही हालचाल कुठवर कमी करू शकेल? शून्यापर्यंत? की मध्येच कुठेतरी तळ लागतो?

तळ लागतो, आणि तो आधीच काढता येतो.

त्याआधी एक पळवाट बुजवायला हवी. समजा एखाद्याने तक्त्याकडे न बघता दरवेळी "4" असेच उत्तर दिले. त्याचे उत्तर अजिबात हलत नाही, प्रचरण शून्य! पण ती रीत नव्हे, हट्ट झाला. म्हणून अट घालतात, की रीत अनभिनत असावी: λ खरोखर कितीही असो, त्या रीतीच्या असंख्य उत्तरांची सरासरी बरोबर λ इतकीच भरावी. एकेक उत्तर चुकेल, पण चुकांचा कल एका बाजूला नसेल. "4" म्हणणारा माणूस फक्त λ नेमका 4 असेल तेव्हाच या अटीत बसतो, म्हणून बाद.

आता मुख्य कल्पना. 1920 च्या दशकात रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रॉदॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात काम करत होता. त्याने असा विचार मांडला, की हाती आलेली नोंद स्थिर धरावी आणि λ ची वेगवेगळी मूल्ये लावून बघावी, की कोणत्या मूल्याने ही नोंद जास्त संभवनीय वाटते. एका तुकड्यात x चमका आल्या, तर पॉयसाँचे सूत्र असे:

P(x) = e⁻λ λˣ / x!

याचा लॉगॅरिदम घेतला की गुणाकार सुटून बेरजा-वजाबाक्या होतात:

log P = x log λ − λ − log x!

आणि λ जरासा हलवला तर हे मूल्य किती वेगाने बदलते, ते असे:

x/λ − 1

या शेवटच्या राशीला स्कोअर म्हणतात. सगळी मजा हिच्यात आहे. समजा आपण λ = 4 धरून बसलो आहोत आणि एका तुकड्यात 5 चमका आल्या. स्कोअर 5/4 − 1, म्हणजे +0.25. ही नोंद λ ला वर ओढते आहे. 3 आल्या असत्या तर −0.25, म्हणजे खाली ओढ. नेमक्या 4 आल्या तर ओढ नाही. λ खरोखरच 4 असेल, तर या वर-खाली ओढी सरासरीत फिटून शून्य होतात.

पण सरासरी शून्य म्हणजे ओढ नाही असे नव्हे. ओढी किती जोरकस आहेत हे त्यांच्या प्रचरणावरून कळते, आणि त्यालाच फिशरने माहिती म्हटले. लॅम्डा जरा चुकीचा धरला की नोंदी लगेच जोरात ओढू लागत असतील, तर त्या नोंदींमध्ये λ बद्दल माहिती भरपूर आहे. λ कुठेही धरा, नोंदी ढिम्मच राहत असतील, तर माहिती थोडी. पॉयसाँसाठी हिशेब दोन ओळींत उरकतो. x चे प्रचरण λ आहे, त्याला λ ने भागले तर प्रचरण λ² ने भागले जाते. म्हणून एका तुकड्यातली माहिती λ/λ² = 1/λ. स्वतंत्र तुकड्यांची माहिती नुसती बेरजेने वाढते, म्हणून n तुकड्यांची n/λ.

इथे वाचक अडखळू शकतो. λ मोठा, म्हणजे चमका जास्त. मग माहिती 1/λ म्हणजे कमी कशी? कारण ही माहिती λ च्या निव्वळ चुकीबद्दल बोलते. सरासरी 100 असताना ती एकाने चुकणे किरकोळ, सरासरी 2 असताना एकाने चुकणे म्हणजे निम्म्याने चुकणे. टक्केवारीत बघितले, तर जास्त चमकांचा फायदाच होतो. ते पुढे दिसेलच.

फिशरला एवढे माहीत होते, की नमुना खूप मोठा असेल तर चांगल्यात चांगल्या अंदाजाचे प्रचरण 1 भागिले माहिती इतके खाली येते. पण "खूप मोठा" म्हणजे किती? पाच तुकडे असतील तर? या जागी गोष्ट कोलकात्याला येते, आणि एका मराठी माणसाच्या प्रश्नावर येऊन थांबते.

1944 साली कल्याम्पुडी राधाकृष्ण राव, सगळ्या जगाचे सी. आर. राव, कोलकाता विद्यापीठात शिकवत होते. वय 24. वर्गात त्यांनी फिशरचा हा मोठ्या नमुन्याचा निष्कर्ष सांगितला. समोर बसलेल्या, जवळपास त्यांच्याच वयाच्या विद्यार्थ्याने विचारले, की मग लहान, मर्यादित नमुन्यासाठी असेच काही सिद्ध का करता येऊ नये? हा विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर, पुढे पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक झालेले आणि नीलकंठ रथ यांच्यासोबत 1971 साली भारतातल्या दारिद्र्याचा गाजलेला अभ्यास मांडणारे अर्थतज्ज्ञ. रावांनी ही हकीकत नंतर अनेकदा सांगितली आहे: त्या रात्री ते घरी बसून हिशेब करत राहिले आणि उत्तर हाती लागले. 1945 मध्ये ते कोलकात्याच्या गणित मंडळाच्या पत्रिकेत छापून आले. स्वीडनच्या हाराल्ड क्रामेर यांनी स्वतंत्रपणे हेच त्यांच्या 1946 च्या ग्रंथात मांडले, म्हणून नाव पडले क्रामेर-राव असमता. फ्रान्सच्या फ्रेशे यांनीही 1943 मध्ये हे गाठले होते. नावांच्या वाटणीत त्यांच्या वाट्याला कमी आले एवढेच.

सिद्धता एका रात्रीत कशी झाली असेल, हे तिचा आकार बघितला की पटते. अनभिनत रीत कोणतीही घ्या, तिच्या उत्तराला T म्हणू. T ची सरासरी प्रत्येक λ साठी λ इतकीच आहे. म्हणून खरा λ जरासा वाढला, तर T ची सरासरीही तेवढीच वाढायला हवी, एकास एक. आता λ वाढल्यावर सरासरी बदलते ती का? तर काही नोंदी आधीपेक्षा जास्त संभवनीय होतात आणि काही कमी. कोणती नोंद किती, ते नेमके स्कोअर सांगतो. याचा अर्थ असा, की T आणि स्कोअर यांनी एकमेकांच्या संगतीने हलायलाच हवे, आणि या संगतीचे माप, त्यांचे सहप्रचरण, नेमके 1 असायला हवे. कोणत्याही दोन राशींच्या सहप्रचरणाचा वर्ग त्यांच्या प्रचरणांच्या गुणाकारापेक्षा मोठा होऊ शकत नाही, ही कॉशी-श्वार्ट्झची जुनी असमता. स्कोअरचे प्रचरण म्हणजे माहिती. मग

T चे प्रचरण × माहिती ≥ 1

झाले. यात n मोठा असण्याची गरज कुठेही लागली नाही. पाच तुकड्यांनाही हे लागू, एका तुकड्यालाही. पॉयसाँमध्ये माहिती n/λ, म्हणून कोणत्याही अनभिनत रीतीचे प्रचरण λ/n पेक्षा खाली जाणार नाही.

आता मँचेस्टरच्या तक्त्याकडे परत जाऊ. λ च्या जागी 3.87 धरला तर λ/n येतो 0.00148. त्याचे वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, 0.039. गायगरच्या डोळ्यांनी साडेपाच तासांत जे टिपले, त्यातून कोणीही, कसल्याही अनभिनत गणिताने, यापेक्षा बारीक उत्तर काढू शकत नाही.

साधी सरासरी कुठे बसते? एका तुकड्याचे प्रचरण λ, n तुकड्यांच्या सरासरीचे λ/n. म्हणजे ती नेमकी तळावर टेकलेली आहे. शाळेतली सरासरी इथे अजिंक्य आहे, आणि चौथी रीत शोधणाऱ्याने पॉयसाँच्या बाबतीत घरी जावे. (प्रत्येक वितरणात सरासरीचे असे नशीब नसते.)

दुसऱ्या रीतीचे, म्हणजे प्रचरणावरून काढलेल्या अंदाजाचे, मोजमाप असे आहे:

λ/n + 2λ²/(n − 1)

पहिला भाग म्हणजे तोच तळ. दुसरा भाग म्हणजे वाकड्या वाटेने गेल्याचा दंड, आणि दंड मुद्दलापेक्षा जबर आहे. आकडे घातले की बेरीज येते 0.0130, तळाच्या जवळपास पावणेनऊ पट. दुसऱ्या शब्दांत, या रीतीने गेलेल्या माणसाने 5 तास 26 मिनिटे बघून जेवढे कळवले, तेवढे सरासरी काढणाऱ्याला 37 मिनिटांच्या पाहणीत कळले असते. रीत अनभिनत आहे, चुकीची नाही. उधळी आहे.

तिसऱ्या रीतीत तर तक्त्यातली बहुतेक शाई फेकूनच दिली आहे. प्रत्येक तुकड्याला फक्त "काही दिसले की नाही" एवढेच विचारायचे. तीन चमका आणि अकरा चमका सारख्याच. अशा हो-नाही उत्तरातली फिशर माहिती 1/(e^λ − 1) येते. λ 3.87 असताना हे 47 मधला एक भाग झाले, तर पूर्ण मोजणीतली माहिती 3.87 मधला एक भाग. बारा पटींचा फरक. साडेपाच तासांचे मोल 27 मिनिटांवर आले. (ही रीत काटेकोरपणे अनभिनतही नाही, आणि एकही तुकडा रिकामा नसेल तर उत्तर अनंत येते. मोठ्या नमुन्यात मात्र ती या हो-नाहीच्या तळाशी पोचते.) तरीही तिला हसू नये. λ 0.1 इतका लहान असेल, तर याच सूत्राने ती 95 टक्के माहिती राखते, कारण तेव्हा बहुतेक तुकड्यांत शून्य किंवा एकच येणार. मोजण्यासारखे उरतेच काय? म्हणूनच पाण्यातल्या जंतूंचा अंदाज घेताना "नळीत वाढ झाली की नाही" एवढ्यावर भागवतात, पण नमुना पुरेसा विरळ करून घेतात.

अनभिनततेच्या अटीवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. याचा दाखला पॉयसाँमध्येच मिळतो आणि तो चमत्कारिक आहे. समजा रदरफर्डकडे फक्त एकच तुकडा आहे, त्यात x चमका आल्या, आणि अंदाज हवा आहे तो पुढचे लागोपाठ दोन तुकडे रिकामे जाण्याच्या शक्यतेचा, म्हणजे e^(−2λ) चा. याची अनभिनत रीत एकच आहे: x सम असेल तर उत्तर +1, विषम असेल तर −1. दहा चमका दिसल्या तर "पुढचे दोन तुकडे नक्की रिकामे", आणि तीन दिसल्या तर शक्यता उणे एक! असंख्य वेळा केल्यावर सरासरी बरोबर भरते, पण एकेका वेळचे उत्तर कोणा शहाण्याला दाखवायच्या लायकीचे नाही. थोडा पक्षपात पत्करून मोठी हालचाल टाळणे पुष्कळदा शहाणपणाचे असते, आणि अशा रीतींना λ/n चा तळ बांधून ठेवत नाही.

दुसरा धोका जास्त रोजचा आहे. तळाचा सगळा हिशेब "मोजणी पॉयसाँप्रमाणेच आहे" या गृहीतकावर उभा आहे. चमका झुंडीने येत असत्या, तर आकड्यांचा खरा विखार λ पेक्षा मोठा असता आणि 0.039 हा आकडा खोटा दिलासा ठरला असता. पोलोनियमचे अर्धायुष्य 138 दिवसांचे. प्रयोग दिवसेंदिवस चालला तर दर हळूहळू घसरतो. रदरफर्ड आणि गायगर यांना हे ठाऊक होते, म्हणून ते पडदा आणि उगम यांतले अंतर रोज थोडे कमी करत. उलट, एका चमकेपाठोपाठ लगेच आलेली दुसरी डोळ्यांतून निसटली, तर विखार λ पेक्षा कमी दिसेल.

हे ओळखायचे कसे? इथे ती उधळी दुसरी रीत कामाला येते. पॉयसाँ असेल तर प्रचरण आणि सरासरी सारखे हवेत. तक्त्यात त्यांचे गुणोत्तर 3.70 भागिले 3.87, म्हणजे सुमारे 0.95. एकाहून थोडे कमी, पण 2608 तुकड्यांत निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडू शकतो, त्यांच्यातल्या 0.175 च्या अंतराला 0.107 चे प्रमाण विचलन आहे, म्हणजे दीडपटीहून थोडे जास्त. संशय घ्यायला जागा आहे, आरोप करायला नाही. तक्त्याची एकेक ओळ तपासली तर आठ चमकांच्या ओळीशी डोळा थबकतो: पॉयसाँच्या हिशेबाने 68 तुकडे यायला हवेत, आले 45. बाकी बहुतेक ओळी इतक्या जुळतात (तीनसाठी अपेक्षा 525, नोंद 525), की काय-वर्ग चाचणीत अख्खा तक्ता सुखाने उत्तीर्ण होतो.

आणि यातून त्या कंटाळवाण्या कामाबद्दल एक गोष्ट उलगडते. λ च्या अंदाजासाठी 2608 ओळींची गरजच नव्हती. सरासरीत फक्त एकूण बेरीज लागते, आणि सरासरी तळावर आहे, म्हणजे λ बद्दलची सगळी माहिती त्या एका 10,097 मध्ये आहे. तेवढ्याच वेळाचे पावणेचार सेकंदांचे तुकडे पाडले असते, किंवा तुकडे न पाडता एकदाच मोजले असते, तरी दराची टक्केवारीतली चूक तीच राहिली असती: 1 भागिले √10,097, म्हणजे एक टक्का. ती निम्मी करायची तर चमका चौपट हव्यात. λ मधली चूक 0.039 वरून 0.01 वर आणायची, तर साडेसात सेकंदांचे सुमारे 38,700 तुकडे, म्हणजे 80 तासांहून जास्त वेळ नळीला डोळा लावून बसावे लागेल. तुकडे पाडले ते दुसऱ्याच कारणासाठी: कण खरोखरच एकमेकांची पर्वा न करता येतात का, हे बघण्यासाठी. रदरफर्डला शोधायचे होते तेही तेच. 3.87 हा आकडा त्याच्या दृष्टीने दुय्यम होता.